बॅटरी काढल्यावर

बारावीची लेखी परीक्षा संपल्यापासून सीईटीपर्यंतचे दिवस आमच्या उलव्याच्या घरात एकाच वादाने भरलेले असतात. माझी भाची आणि तिची वर्गमैत्रीण नेरूळच्या क्लासहून एकत्र परततात. बामणडोंगरी स्टेशनात उतरल्यापासून त्यांचं जे सुरू होतं, ते जेवणाच्या टेबलावरही चालूच राहतं.

“शिफ्टवार पेपर पडलेत सगळे,” भाची म्हणते. “तेच ते प्रश्न फिरून येतात गं. मी रोज एक पेपर सोडवते, मार्कही वाढताहेत. तू अजून इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्येच?”

“त्यातलं कळल्याशिवाय पुढे गेले, तर पुढचंही कळणार नाही.”

“आणि वेळ? फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तू तेवढ्यात वाचूनसुद्धा संपवत नाहीस.”

“न कळता 54 सेकंदांत खूण करण्यापेक्षा बरं.”

“निगेटिव्ह मार्किंग नाहीये, खूण करायचीच असते!”

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आहे, त्यामुळे हा वाद नुसता ऐकत बसणं मला जमत नाही. दोघींचंही थोडं खरं आहे, असं सांगून सोडून देणं सोपं होतं. पण कोणाचं काय कच्चं आहे हे दिसल्याशिवाय त्या बोलण्याला अर्थ नसतो, म्हणून मी दोघींपुढे एकच प्रश्न ठेवला. 5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 100 व्होल्टच्या बॅटरीने चार्ज केला. बॅटरी काढली. मग प्लेटांमधली सगळी जागा k = 4 असलेल्या डायलेक्ट्रिकने भरली. आता साठलेली ऊर्जा किती?

भाचीने मान वर न करता उत्तर दिलं. “आधी 0.025 ज्यूल, आता चौपट. 0.1 ज्यूल. हा येऊन गेलाय, मावशी.”

येऊन गेला होता तो याचा जुळा भाऊ. त्यात बॅटरी जोडलेलीच होती. बॅटरी जोडलेली असली की व्होल्टेज 100 वरच राहतं, कपॅसिटन्स चौपट होऊन 20 मायक्रोफॅरड होतो आणि ½CV² प्रमाणे ऊर्जाही चौपट होते. पण बॅटरी काढल्यावर प्लेटांवरचा चार्ज जाणार कुठे? तो 500 मायक्रोकूलॉम आहे तेवढाच राहतो. कपॅसिटन्स 20 झाला, म्हणून व्होल्टेज 25 वर येतं आणि ऊर्जा उरते 0.00625 ज्यूल, म्हणजे आधीच्या पाव. भाचीचं उत्तर खऱ्या उत्तराच्या सोळापट निघालं, आणि अशा प्रश्नात पेपर काढणारा चौपटीचा पर्याय हमखास ठेवतो.

मैत्रिणीचं उत्तर बरोबर आलं. पुस्तकात डायलेक्ट्रिकची सिद्धता प्लेटांवर चार्ज Q आहे, असं धरून सुरू होते. मग प्लेटांमधलं क्षेत्र, त्यावरून व्होल्टेज आणि शेवटी कपॅसिटन्स. तिने तो सगळा रस्ता पहिल्यापासून पुन्हा चालून काढला. तेवढ्या वेळात भाचीचे चार-पाच प्रश्न झाले असते. उत्तर काढल्यावरही ती थांबली नाही. “मग उरलेली ऊर्जा गेली कुठे?” तिने विचारलं. हा प्रश्न पेपरात नव्हता, पण तोच सगळ्यात चांगला होता. डायलेक्ट्रिकचा तुकडा प्लेटांच्या तोंडाशी आला की विद्युतक्षेत्र त्याला आत ओढतं. ते ओढण्याचं काम या ऊर्जेतून होतं. बॅटरी जोडलेली असेल तर जादा 1500 मायक्रोकूलॉम चार्जाबरोबर ती 0.15 ज्यूल देते. त्यातली निम्मी कपॅसिटरमध्ये साठते आणि निम्मी तुकडा आत ओढण्यात जाते. हे एकदा समजलं की “k पट की k ने भागायचं” हे पाठ करावं लागत नाही.

भाचीचे मार्क वाढत होते ते खोटे नव्हते, पण ते कशाचे वाढत होते हे तिला माहीत नव्हतं. एकाच परीक्षेचे बरेच पेपर सोडवले की प्रश्न तोंडओळखीचे होतात. आकडे पाहून पर्याय आठवतो, आणि आठवण हीच समज वाटू लागते. ते ओळखायची एक रीत मी मुलांना नेहमी देते. पर्याय कागदाने झाकायचे आणि प्रश्नातली एकच अट बदलायची: बॅटरी जोडलेलीऐवजी काढलेली, दोरी हलकीऐवजी वजनदार, तापमान स्थिरऐवजी दाब स्थिर. उत्तर कुठल्या बाजूला सरकेल एवढं जरी सांगता आलं, तरी तो प्रश्न आपला झाला. सांगता आलं नाही, तर तो पेपर सोडवल्याची नोंद वहीत करू नये.

मैत्रिणीचा सापळा वेगळा होता. ती उघड्या पुस्तकासमोर बसून तीच पानं पुन्हा पुन्हा वाचत असे. तिसऱ्या वाचनात सगळं स्वच्छ वाटतं, कारण ते समोर लिहिलेलं असतं. यावर रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. काहींनी तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. सावकाश वाचनाचा पक्ष घेणाऱ्याने हा आकडा विसरू नये. तसंच, उतारा आठवणं आणि बदललेल्या अटीचा प्रश्न सोडवणं यांत अंतर आहे, हे पेपरवालीने विसरू नये. उताऱ्यातला शब्द आठवून कपॅसिटर सुटत नाही.

तेव्हा मी मैत्रिणीला पुस्तक मिटून ती सिद्धता कोऱ्या पानावर लिहायला सांगितली. क्षेत्रापर्यंत ती सरळ आली आणि k कुठे येतो तिथे अडली. मग पुस्तक उघडून तिने तेवढ्याच चार ओळी वाचल्या. त्या चार ओळींवर तिने जेवढा वेळ घालवला, तेवढा आधीच्या सगळ्या वाचनात घातला नव्हता. भाचीला मी दुसरं काम दिलं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी पुस्तकातल्या पानाचा आकडा लिहायचा, आणि तो लिहिता येईपर्यंत पुढचा पेपर उघडायचा नाही. ती रागावली, कारण त्या दिवशीचा पेपर अर्धाच झाला.

माझं स्वतःचं झुकतं माप पुस्तकाकडे आहे, पण मिटलेल्या पुस्तकाकडे. पेपर आधी हवेत ते चुका दाखवायला, आणि शेवटच्या आठवड्यांत घड्याळाशी जमवून घ्यायला. त्यासाठी अलीकडच्या काही शिफ्ट न उघडता राखून ठेवाव्या लागतात. भाचीने त्या सगळ्या आधीच संपवल्या आहेत.

एका ठिकाणी मात्र भाचीचंच खरं ठरलं. सीईटीत साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीवर असतात, म्हणजे फिजिक्सच्या पन्नासांत दहाच्या आसपास, आणि तेही अकरावीच्या निवडक प्रकरणांतून. मैत्रीण अकरावीचं अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून काढायला निघाली होती.

“अगं, आधी पेपर बघ, कुठून काय येतं ते. मग तेवढीच प्रकरणं हवी तितकी सावकाश वाच.”

मैत्रीण काही बोलली नाही. तिने भाचीच्या पेपरांचा गठ्ठा ओढला आणि अकरावीच्या प्रश्नांवर पेन्सिलीने खुणा करायला बसली. पर्यायांवर तिने पट्टी ठेवली होती.