भाभीच्या टोप्या आणि आयात-निर्यात कोड

माझी भाभी क्रोशाच्या टोप्या विणते. गोंदियात घरीच. शारजातल्या एका दुकानदाराने नमुने पाहून साठ टोप्या मागवल्या आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो आयात-निर्यात कोडचा. एका एजंटाने त्यासाठी चार हजार रुपये सांगितले. सरकारी फी मात्र पाचशे रुपये, आणि अर्ज घरी बसून dgft.gov.in या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर करता येतो. मी म्हटले, "भाभी, आपणच भरू."

अर्ज भरणे फार अवघड नाही. अवघड आहे ते अर्जाच्या आधीचे, म्हणजे कागदांवरचे नाव आणि पत्ता जुळवणे. आपल्या घरांत हे हमखास अडते.

हा कोड म्हणजे वेगळा क्रमांक नसतो. आता पॅन क्रमांकच कोड म्हणून मिळतो. त्यामुळे पॅनवर जे नाव, तेच खरे धरायचे. भाभीच्या पॅनवर आणि आधारवर माहेरचे नाव, वडिलांच्या नावासह. बँकेतल्या जुन्या बचत खात्यावर मात्र लग्नानंतरचे नाव, शेवटी 'शेख'. अर्जातले खाते पडताळताना असे दोन नावांचे खाते अडकते. पॅन बदलायचे की खाते? अम्मीचे म्हणणे, सासरचे नाव सगळीकडे लावून टाका. पण निकाहनंतर नाव बदलायलाच हवे असे आपल्याकडे बंधन नाही, आणि दोन कागद बदलण्यापेक्षा एक बदलणे सोपे. पॅन आणि आधारच्या प्रती देऊन बँकेतले नाव दुरुस्त करून घेतले.

त्याच वेळी धंद्यासाठी चालू खाते उघडायचे ठरले. इथे एक गंमत आहे. बँकेच्या खिडकीवर सांगितले, "धंद्याचा पुरावा आणा, आयात-निर्यात कोड चालेल." आणि कोडच्या अर्जात बँक खाते हवे! हे चक्र उद्यम नोंदणीने सुटते. udyamregistration.gov.in वर ती फुकट होते, त्यासाठी आधार आणि पॅन पुरते. जोडीला महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना ऑनलाइन दिली. कामगार थोडे असले तर परवाना लागत नाही, नुसत्या सूचनेची पावती मिळते. या दोन कागदांवर भाभीच्या फर्मच्या नावाने खाते उघडले. फर्मचे नाव दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखे ठेवले, तेच पुढे अर्जातही.

अर्जाला रद्द केलेला चेक लावायचा असतो, पण त्यावर नाव छापलेले हवे. नव्या खात्याच्या पहिल्या चेकबुकावर बहुधा नाव नसते. पेनाने लिहिलेले चालत नाही. अशा वेळी बँकेकडून ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे. आम्ही नमुना छापूनच नेला, नाहीतर बँक आपल्या मनाचे पत्र देते.

आता पत्ता. मालकीच्या एकट्या धंद्याला आधार कार्डही पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, पण भाभीच्या आधारवर तिरोड्याचा, माहेरचा पत्ता. टोप्या विणल्या जातात गोंदियात. गोंदियाच्या घराचे वीजबिल अब्बांच्या नावावर. मग अब्बांनी साध्या कागदावर लिहून दिले की, या घराचा मी मालक आहे, सून इथून अमुक नावाने धंदा करते, माझी हरकत नाही. सही, तारीख, आणि घराचा पत्ता बिलावर आहे तस्साच. हे पत्र आणि ताजे बिल एकाच पीडीएफमध्ये जोडले. दोन वेगळ्या फाइली केल्या की पत्र मागे राहते, असे कित्येकांचे होते. बिल आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर त्यांचे ना हरकत पत्र मिळणार कुठून? तिथे आधी महावितरणकडे नाव बदलावे, किंवा आधारवरचा पत्ता नवा करून तोच पुरावा द्यावा.

शेवटी अर्जावर आधारच्या ओटीपीने ई-सही होते. मोबाइल आधारशी जोडलेला नसेल तर सगळे तयार असून अर्ज तिथेच थांबतो. भाभीचा जोडलेला होता. फी भरली आणि कोडचे प्रमाणपत्र संकेतस्थळावरून उतरवून घेतले. नागपूरला जावे लागले नाही. मूळ कागद मात्र फाइलमध्ये जपून ठेवलेत, कारण कार्यालय नंतरही तपासणी करू शकते.

कोड कायमचा असतो, पण दरवर्षी एप्रिल ते जून या काळात संकेतस्थळावर जाऊन माहिती पक्की करावी लागते, काही बदलले नसले तरी. या तीन महिन्यांत त्याला पैसे लागत नाहीत. केली नाही तर कोड निष्क्रिय होतो आणि माल पाठवायच्या ऐन वेळी कळते. भाभीने ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवली आहे.