लिथियम, मीठ आणि सोलापूरचा वैशाख

संपादकांची आज्ञा अशी की, मानसोपचारशास्त्राच्या निवासी डॉक्टरांपुढे लिथियमविषयी मी जे व्याख्यान देतो, तेच सामान्य वाचकांसाठी सुबोध करून लिहावे. ती पाळताना परिभाषेचा आश्रय घेणार नाही असे मी मनाशी ठरवले असले, तरी या विषयाच्या वाटेत मूत्रपिंड येतेच. आणि ते आले की माझा निश्चय फार काळ टिकत नाही.

१९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन वैद्याने उन्मादावर वापरलेला हा साधा क्षार आजही उन्माद-विषादाच्या चक्रात सापडलेल्या रुग्णाला स्थिर ठेवणारे अव्वल औषध आहे. परंतु त्याची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यातील अंतर फार थोडे. दीर्घकालीन उपचारात रक्तातील प्रमाण लिटरमागे साधारणतः ०.६ ते ०.८ मिलिमोल असावे लागते. शिवाय, मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखेच वागवते. शरीरात मीठ-पाणी कमी पडले की ते सोडियम राखून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही. गोळी एकही जास्त न घेता विषबाधा होते ती अशी.

गेल्या वैशाखात नवी पेठेतील माझ्या दवाखान्यात आलेल्या एका यंत्रमाग कामगाराची हकिकत या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. वय पन्नाशीचे, रात्री ९०० मिलिग्रॅम लिथियम कैक वर्षे नियमित, फेब्रुवारीतील तपासणीत प्रमाण ०.७. मे महिन्यात गुडघे दुखू लागले म्हणून त्याने औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या. त्याच सुमारास रक्तदाब आढळल्याने कोणी लघवी वाढवणाऱ्या थायझाइड जातीच्या औषधाची चिठ्ठी लिहून दिली आणि मीठ तोडण्याची सक्त ताकीदही दिली. पत्र्याच्या छपराखाली दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसावर ही तिन्ही फर्माने एकाच आठवड्यात बजावली गेली. मग जुलाब लागले, बशीतला चहा सांडू लागला, आणि घरच्यांनी ऊन लागले असे समजून कांद्याचा रस पाजला. त्याची पत्नी मात्र म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे चालताना भिंत धरतायत, आणि बोलणं जड झालंय." निदान तिनेच केले होते.

लिथियम घेणाऱ्याच्या बोटांना सूक्ष्म कंप असतोच; तो मोठा, खडबडीत होऊन साऱ्या हातात दिसू लागला, सोबत मळमळ, जुलाब, तोल जाणे, शब्द अडखळणे आणि गुंगी आली की अहवालाची वाट पाहायची नसते. यापुढचे टप्पे स्नायूंचे फडफडणे, भ्रम आणि झटके हे आहेत.

त्याचे प्रमाण १.४ निघाले आणि अहवालाच्या समासातील १.२ ही वरची मर्यादा पाहून माझ्याजवळ बसलेला तरुण डॉक्टर "थोडेसेच वाढले आहे" असे म्हणाला. या छापील मर्यादेशी माझे जुने वैर आहे. एकदम मूठभर गोळ्या गिळणाऱ्याच्या रक्तात आकडा मोठा असूनही प्रथम लक्षणे अल्प असू शकतात, कारण लिथियम मेंदूत सावकाश शिरते. उलट, वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याच्या मेंदूत ते आधीच मुरलेले असते आणि १.४ सारख्या, क्वचित त्याहूनही कमी, आकड्यावर तो आडवा होतो. आकडा केवळ रक्ताची साक्ष देतो.

तीही नीट नोंदवली तरच. नमुना शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी घ्यावा लागतो. सकाळची गोळी घेऊन आलेल्याचा आकडा निरर्थक. हिरव्या बुचाच्या नळीत पुष्कळदा लिथियमयुक्त हेपॅरिन असते, तेव्हा तीत रक्त घेणारा प्रयोगशाळेला स्वतःच लिथियम पुरवत असतो. हे सांगितले की वर्गात हशा पिकतो, आणि तरीही ती नळी येतच राहते. औषध सुरू केल्यावर अथवा मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी, मग स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी, आणि पुढे सहा महिन्यांनी तपासणी. क्रिएटिनिन, थायरॉइड व कॅल्शियमही सहामाही. वृद्धांना तीन महिन्यांची मुदतच कायम. पण या वेळापत्रकाला आमचा उन्हाळा ठाऊक नाही. फेब्रुवारीचा ०.७ हा दाखला मे महिन्यात ग्राह्य धरता येत नाही. नवे वेदनाशामक, रक्तदाबाचे नवे औषध, ताप वा जुलाब यांपैकी काही घडले की तारीख आली नसली तरी रक्त काढावे, आणि जुलाब-उलट्या चालू असताना डॉक्टरांना विचारून गोळी तात्पुरती थांबवावी.

त्या गृहस्थांचे लिथियम व इतर दोन्ही औषधे बंद करून त्यांना दाखल केले. क्रिएटिनिन १.६ झाले होते. शिरेतून सलाइन देताना सोडियम वारंवार मोजावे लागले, कारण लिथियमने लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती क्षीण होते आणि सलाइननेच सोडियम भलतेच चढू शकते. आकडा तिसऱ्या दिवशी एकच्या खाली आला; चाल सुधारायला त्यानंतरही आठवडा उलटला. डायलिसिसची पाळी आली नाही.

"हे औषध किडनी खातं" असे त्यांच्या भावाने मला बजावले, आणि दीर्घ उपयोगाने काहींचे मूत्रपिंड मंदावते हे नाकारण्याचा अधिकार मला नाही. परंतु पूर्वी दोनदा लिथियम सोडले असता दोन्ही वेळा उन्माद उसळला होता, हेही त्यांच्याच दप्तरात नमूद आहे. क्रिएटिनिन पूर्ववत झाल्यावर ६०० मिलिग्रॅमवर ते पुन्हा सुरू केले, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दिले, आणि गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नये असे चिठ्ठीवर मराठीत लिहिले. हा निर्णय योग्य होता असे मला आज वाटते. पुढल्या वैशाखात काय वाटेल ते सांगता येत नाही.