आठवड्यातून एकदा

औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला पातळ कागद बहुतेक घरांत खोक्याबरोबरच कचऱ्यात जातो. अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी, आणि आपल्याकडचा कागद तर मुळात डॉक्टरांसाठीच लिहिलेला. मी फार्मासिस्ट आहे. औषधाच्या काउंटरवर बसणं कमी झाल्यापासून माझा बराचसा वेळ या कागदांचं एकपानी मराठी रूप करण्यात जातो. त्यात तीनच भाग असतात: औषध किती आणि कधी घ्यायचं, सहसा दिसणारे दुष्परिणाम कोणते, आणि धोक्याच्या खुणा कोणत्या. एक अट मात्र कडक असते. मूळ कागदात नाही ते एकही वाक्य वैद्यकीय सल्ला म्हणून आत येता कामा नये.

ही अट ऐकायला सोपी वाटते. ती कुठे कुठे अडते ते दाखवायला मी मेथोट्रेक्सेट हे औषध घेतो, कारण तिन्ही भागांतले पेच त्या एकाच कागदात सापडतात. हे औषध मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी आलं. अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ज्या संयुगांवर काम केलं, त्यातलंच हे एक. पुढे ते सोरायसिससाठी वापरात आलं, आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला संधिवातासाठी, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, मान्यता दिली. त्यामुळे एकाच कागदावर तीन आजारांच्या मात्रा येतात. कर्करोगाची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावर मोजतात आणि संधिवाताची मात्रा थेट मिलिग्रॅममध्ये, तीही आठवड्यातून एकदाच. सारांश करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे हे पान कोणत्या आजाराच्या रुग्णासाठी आहे ते ठरवून वरच लिहायचं. तिन्ही मात्रा एका पानावर आणल्या तर पान पूर्ण होतं, पण निरुपयोगी आणि धोकादायकही.

संधिवातात नेहमीची सुरुवात आठवड्याला ७.५ मिलिग्रॅमने होते. हीच मात्रा कोणी रोज घेऊ लागलं तर अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं कमी करते, तोंडात आणि आतड्यात जखमा होतात, आणि माणूस दगावू शकतो. जगभर ही चूक इतकी झाली, की २०१९ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेने खोक्यावर आठवड्याच्या मात्रेची ठळक आठवण छापायला लावली आणि गोळ्या बाटलीऐवजी स्ट्रिपमध्येच द्याव्यात अशी शिफारस केली.

संक्षेप करताना हीच चूक लेखकाच्या हातून कशी घडेल ते पाहा. अमेरिकेतल्या जुन्या पत्रकांत संधिवातासाठी दोन पर्याय असत. एक, आठवड्यातून एकदा ७.५ मिलिग्रॅम. दुसरा, २.५ मिलिग्रॅम दर १२ तासांनी असे तीन वेळा, आणि हा सगळा क्रम आठवड्यातून एकदा. या दुसऱ्या वाक्याचं शेपूट छाटलं की उरतं ते ‘२.५ मिलिग्रॅम दर १२ तासांनी’, म्हणजे वाचणाऱ्याच्या लेखी सकाळ-संध्याकाळ, रोज. यात मी एक शब्दही वाढवलेला नाही, तरी मूळ कागदात नसलेली मात्रा तयार झाली. म्हणून मात्रेच्या वाक्यात माझा एक नियम आहे: किती, केव्हा आणि किती दिवसांतून, हे तिन्ही एकाच ओळीत राहिलं पाहिजे. ओळ लांबली तरी चालेल.

दुसरा मोह म्हणजे मिलिग्रॅमच्या गोळ्या करून सांगायचा. ७.५ म्हणजे २.५ च्या तीन गोळ्या, गणित बरोबर आहे. पण आपल्या बाजारात याच औषधाच्या २.५, ५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात. पुढच्या महिन्यात दुकानात दुसरी स्ट्रिप मिळाली आणि घरातल्या पानावर ‘तीन गोळ्या’ लिहिलेलं असेल तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे पानावर मिलिग्रॅमच राहतात, आणि गोळ्यांची संख्या व वार यांच्यासाठी कोरी जागा. ती जागा डॉक्टरांची चिठ्ठी पाहून भरायची असते. (चिठ्ठीवर ‘ओडी’ म्हणजे रोज एकदा आणि ‘ओडब्ल्यू’ म्हणजे आठवड्यातून एकदा. घाईच्या अक्षरात या दोहोंत काय फरक उरतो, हे कोणत्याही केमिस्टला विचारा.)

आता दुष्परिणाम. युरोपीय पत्रकांत ‘सामान्य’ हा शब्द मोजून वापरलेला असतो. दहात एकापेक्षा जास्त जणांना होतं ते ‘अतिशय सामान्य’, शंभरात एक ते दहा जणांना होतं ते ‘सामान्य’. वाचणारा मात्र ‘सामान्य’ म्हटलं की किरकोळ असं समजतो, किंवा मग सगळ्यांनाच होणार असं. म्हणून मी तो शब्द सोडून आकडा ठेवतो, आणि सगळे आकडे शंभरातलेच ठेवतो. ‘दहात एक’ आणि ‘शंभरात पाच’ एका पानावर आले की पुष्कळ जणांना कोणता धोका मोठा हेच सांगता येत नाही. हा बदल सल्ल्यात मोडत नाही, कारण आकडा तोच राहतो. आकडा आणायचा मात्र हातातल्याच कागदातून. तोंड येणं हा त्रास युरोपीय पत्रकांत दहात एकापेक्षा जास्त जणांच्या गटात आहे आणि अमेरिकेच्या जुन्या पत्रकात ३ ते १० टक्क्यांच्या गटात. तिथे लहानशा चाचण्यांतल्या खोट्या गोळीच्या गटाशी तुलना करून हिशेब मांडलेला होता. दोन्हींची सरासरी काढून लिहिलेला आकडा कुठल्याच कागदात नसतो.

खरा पेच याच तोंड येण्यात आहे. मळमळ, भूक न लागणं, पोटात दुखणं यांच्या रांगेत ते ‘अतिशय सामान्य’ म्हणून बसतं. त्याच पत्रकात दुसऱ्या पानावर तोंडातल्या जखमा आणि घसा दुखणं ही औषधाचा विषारी परिणाम सुरू झाल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना लगेच सांगा, असंही असतं. मग हे कोणत्या भागात टाकायचं? नुसतं दुसऱ्यात टाकलं तर वाचणारा म्हणेल, होतंच असं, आणि ग्लिसरीन लावून बसेल. नुसतं तिसऱ्यात टाकलं तर किती जणांना होतं ही माहिती मी लपवली. यातलं एक निवडणं हाच सल्ला झाला, कारण निवडीतून मी त्या माणसाला घाबर किंवा घाबरू नको असं सांगत असतो. माझं उत्तर साधं आहे. दोन्हीकडे लिहायचं, आणि दुसऱ्या भागात ‘खालचा भागही पाहा’ एवढं जोडायचं. जागा वाचवण्यासाठी जोडगोळी फोडणाऱ्या संपादकांशी मी यावरून भांडलो आहे आणि पुढेही भांडेन.

आपल्याकडच्या कागदाची अडचण निराळी. तो डॉक्टरांसाठी असल्यामुळे दुष्परिणाम अवयवांप्रमाणे लावलेले असतात आणि तिथे ‘पॅन्सायटोपेनिया’ असं एका शब्दात काम भागतं. ‘रक्तातल्या सर्व प्रकारच्या पेशी कमी होणं’ असा त्याचा अर्थ मी लिहू शकतो. पण ताप, घसा दुखणं, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त अशा खुणा माझ्या मनातून लिहू शकत नाही, जरी त्या मला तोंडपाठ असल्या तरी. त्या खुणा कागदात दुसरीकडे कुठे दिल्या असतील तर तिथून उचलायच्या. नसतील तर पानावर नुसता अर्थ राहतो आणि तिसरा भाग दुबळा होतो. तो तसाच दुबळा ठेवून मी वरिष्ठांना लिहून कळवतो, की या पत्रकात रुग्णाला दिसतील अशा खुणा दिलेल्या नाहीत. त्या घालायच्या की नाहीत आणि कोणत्या शब्दांत, हे डॉक्टरांनी सही करून ठरवायचं. इथे ढिलाई केली तर पुढच्या पानात मी फॉलिक ॲसिड कोणत्या वारी घ्यावं तेही सांगू लागेन. हे जीवनसत्त्व मेथोट्रेक्सेटबरोबर बहुतेकांना दिलं जातं, पण त्याचं वेळापत्रक प्रत्येक डॉक्टरचं वेगळं असतं.

रुग्णांसाठी लिहिलेल्या एका नेहमीच्या धाटणीच्या पत्रकावरून केलेलं पान साधारण असं होतं:

संधिवाताच्या मोठ्या रुग्णांसाठी. मात्रा: आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, रोज नाही. नेहमीची सुरुवात आठवड्यातून एकदा ७.५ मिलिग्रॅम, तुमची मात्रा डॉक्टर ठरवतात. चिठ्ठीप्रमाणे वार: ____ गोळ्या: ____

शंभरात दहापेक्षा जास्त जणांना: मळमळ, उलटी, भूक न लागणं, पोटदुखी, तोंडात जखमा (खालचा भागही पाहा), रक्ततपासणीत यकृताची एन्झाइम वाढलेली दिसणं.

डॉक्टरांना लगेच सांगा: कोरडा खोकला, दम लागणं, ताप; घसा दुखणं, तोंडात जखमा; नेहमीपेक्षा जास्त रक्त जाणं किंवा काळेनिळे डाग; डोळे किंवा त्वचा पिवळी पडणं; अंगावर फोड येणारं पुरळ.

हे पूर्ण पत्रक नाही. गर्भधारणा, दारू, इतर औषधं आणि रक्ततपासण्या यांची माहिती मूळ पत्रकात आहे.

शेवटची ओळ नसेल तर बाकीचं पान खोटं बोलतं असं मी मानतो. हे औषध गर्भाला घातक आहे, आणि तीन भागांच्या साच्यात त्याला जागाच नाही. ‘लगेच सांगा’ हे शब्दही माझे नव्हेत. काही पत्रकांत काही खुणांपुढे ‘औषध थांबवा आणि लगेच सांगा’ असतं, काहींपुढे नुसतं ‘सांगा’. या पायऱ्या सपाट करायच्या नाहीत. त्या वेगळ्या असतील तर यादीही वेगळी करायची.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी पानावरच्या प्रत्येक ओळीसमोर मी मूळ कागदातल्या परिच्छेदाचा क्रमांक पेन्सिलीने लिहितो. ज्या ओळीला क्रमांक मिळत नाही ती जाते. ‘घाबरू नका’, ‘काही दिवसांत बरं वाटेल’, ‘शक्यतो जेवणानंतर’ अशी वाक्यं हमखास इथे पकडली जातात, कारण ती लिहिताना आपण सौजन्य म्हणून लिहितो. मग पान वाचणाऱ्यांच्या हाती द्यायचं. युरोपात रुग्णांचं पत्रक वाचकांकडून तपासून घेणं कायद्याने लागतं. तिथली नेहमीची पद्धत अशी, की वीस जणांना प्रश्न विचारायचे आणि निदान सोळा जणांनी उत्तर शोधून ते नीट समजलं असं दाखवायचं. आम्हाला वीस जण क्वचित मिळतात, पण प्रश्न त्याच जातीचे ठेवतो. ‘समजलं का?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. ‘आज सोमवारी गोळी घेतली, पुढची केव्हा?’ असं विचारलं तर कळतं.

वाचकांच्या अशाच एका बैठकीत एका आजींनी उलट प्रश्न टाकला, ‘सोमवारी राहूनच गेली तर मंगळवारी घ्यायची का हो?’ या प्रश्नावर पत्रकांत एकवाक्यता नाही. काही पत्रकं दोन दिवसांची मुदत देतात, काही दुप्पट मात्रा घेऊ नका आणि डॉक्टरांना विचारा एवढंच सांगतात. आमच्या हातातल्या कागदात त्याविषयी अक्षरही नव्हतं. पानाच्या मात्रेच्या भागात एक ओळ वाढली: ‘गोळी चुकल्यास काय करावं, याची सूचना या पत्रकात नाही.’ आजींना ती ओळ अजिबात आवडली नाही. त्यांचा प्रश्न आम्ही डॉक्टरांकडे पाठवला, आणि ओळ तशीच छापायला दिली.