बाराचा ठोका

ही खरं तर लघुकथा व्हायची होती. दोनदा लिहायला घेतली, दोनदा कागद बाजूला ठेवले. कारण दोन्ही वेळा कथेतली मानद खजिनदार बाई फार शहाणी निघाली. तिने चष्मा पुसला, आकड्यांकडे एकदा पाहिलं आणि चूक शोधून दिली. घडलं ते असं नव्हतं. तेव्हा कथेचा नाद सोडून, जसं झालं तसंच सांगते.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेची मानद खजिनदार होते. संस्था छोटी. तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि तीन शाखा. त्यातल्या एका शाखेत माझाच एक जुना विद्यार्थी क्लार्क होता. इथे त्याला दिनू म्हणू या. दिनू सातवीत माझ्या वर्गात होता. अक्षर मोत्यासारखं, गणितात बेताचा, पण वही कधी अपुरी नाही. शाखेत काउंटरवर तोच, पावती फाडणारा तोच, संध्याकाळी रोकड मोजून बँकेत भरणारा तोच.

प्रत्येक शाखेचा हिशेब शाखेतल्या कॉम्प्युटरवर लिहिला जाई. रात्री बारा वाजता तो कॉम्प्युटर आपल्या आपण जागा होऊन दिवसभराच्या नोंदी मुख्य कार्यालयाच्या कॉम्प्युटरला पाठवत असे. याला ते 'सिंक' म्हणत. सकाळी मॅनेजर आले की तिन्ही शाखांचा आकडा पडद्यावर तयार. मला याचं फार कौतुक वाटे. माझे वडील एका पेढीवर दिवाणजी होते. महिनाअखेरीला रात्री दहापर्यंत त्यांची खतावणी चाललेली मी पाहिली आहे.

तर, 1 डिसेंबर 2023, शुक्रवार. नोव्हेंबरअखेरचा ताळा करायला बसलो. दिनूच्या शाखेतल्या ठेवी मुख्य कार्यालयाच्या पडद्यावर होत्या 1,86,42,300 रुपये. शाखेच्या कागदावर होत्या 1,88,56,950. फरक 2,14,650 रुपयांचा.

कुठला आकडा मोठा आहे याला हिशेबात फार अर्थ असतो. शाखेत ठेवी जास्त आणि मुख्य कार्यालयात कमी, म्हणजे सभासदाने पैसे दिले, त्याला पावती मिळाली, पण ते पैसे संस्थेच्या वहीत आले नाहीत. पतसंस्थांमधले घोटाळे वर्तमानपत्रात वाचणाऱ्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. मॅनेजर काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी फोन करून दिनूला पावतीपुस्तकं घेऊन बोलावलं.

इथे मी माझी हुशारी दाखवली. वडिलांकडून दोन युक्त्या ऐकलेल्या होत्या. फरक आला की त्याला दोनाने भागावं. तेवढ्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडली असेल. आणि फरकाला नऊने भाग गेला तर लिहिताना कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते, 54 च्या जागी 45. मी कागदावर भागाकार मांडला. नऊने भाग गेला, बाकी शून्य! मी दिनूला म्हटलं, "बघ, तूच कुठेतरी आकडे उलटे घातले आहेस. शोध."

तो मान खाली घालून शोधत बसला. मीही बसले. अकरा दिवसांच्या पावत्या, एकेक रक्कम पडद्याशी ताडून पाहिली. रात्री साडेआठ वाजले. एकही उलटा आकडा नाही. निघताना मी त्याला जे विचारलं ते आजही मला टोचतं. म्हटलं, "दिनू, घरी काही अडचण आहे का रे? असेल तर आत्ताच सांग."

तो "नाही बाई" एवढंच म्हणाला.

रात्री झोप येईना तेव्हा वडिलांची युक्ती पुन्हा मनात घोळवली आणि लक्षात आलं की मला ती अर्धीच आठवत होती. शेजारशेजारचे दोन अंक उलटले तर फरक नऊने भागून जो आकडा येतो तो एकच अंक आणि पुढे शून्यं असा असतो. 30, 400, 5000 असा. माझ्या भागाकाराचं उत्तर होतं 23,850. ते एका अदलाबदलीचं असूच शकत नव्हतं. शिवाय कुठलीही संख्या उचलली तरी दर नवांतल्या एकीला नऊने भाग जातोच! त्या योगायोगावर मी त्या पोराची संध्याकाळ घालवली होती, आणि शेवटी तो प्रश्न.

शनिवारी सकाळी दिनू माझ्या आधी हजर. कोणी मागितलं नव्हतं तरी बँकेचं पासबुक भरून आणलेलं. शाखेत रोज जमा होणारी रोकड तो त्याच बँकेत भरत असे. त्याने ते माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि पेन्सिलने एकेका तारखेवर खूण करत गेला. शाखेच्या वहीतला भरणा आणि पासबुकातला भरणा, शेवटच्या तारखेपर्यंत एकसारखा. पैसे जागेवर होते. मी पासबुकातून मान वर केली नाही.

मग त्याने दुसरा कागद काढला. नोव्हेंबरच्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी शाखेत ठेवी किती होत्या त्याची यादी.

"बाई, काल मी एकेक नोंद बघत बसलो, ते चुकलं. रात्री घरी गेल्यावर मुख्य कार्यालयाचा आकडाच डोक्यात फिरत होता. 1,86,42,300. हा आकडा मी लिहिलेला आहे, असं वाटत होतं. हे बघा."

16 नोव्हेंबर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी शाखा उघडली तो गुरुवार. दिवसअखेरच्या ठेवी, 1,86,42,300. रुपयाचाही फरक नाही.

म्हणजे मुख्य कार्यालयाचा आकडा चुकीचा नव्हताच. तो शिळा होता. 16 तारखेनंतर या शाखेतून तिकडे काही पोहोचलंच नव्हतं, आणि पडद्यावर पंधरवडाभर तोच आकडा बसून होता.

मॅनेजरांना हे पटेना. "मी रोज सकाळी बघतो की! रोज आकडा बदलतो." बदलत होता, खरंच. पण ते बघत तो तिन्ही शाखांचा एकत्र आकडा. बाकीच्या दोन शाखा रोज नोंदी पाठवत होत्या, त्यामुळे बेरीज हलत होती. तिच्यातला तिसरा हिस्सा गोठला आहे हे बेरजेवरून कळणार कसं? वर्गात चाळीस मुलं एकसुरात कविता म्हणत असली की मागच्या बाकावरचा एक नुसते ओठ हलवतोय हे बाईंना कळत नाही, तसंच.

मग आम्ही दोघं रिक्षाने शाखेत गेलो. दिनूने कॉम्प्युटरवर, ठरल्या वेळी कामं करणारी खिडकी उघडली. `Task Scheduler` तिचं नाव. त्यात रात्री बाराचं काम होतं. समोर स्थिती लिहिलेली, `Ready`. मी म्हटलं, "तयार आहे म्हणतंय." त्याने बाजूचा रकाना दाखवला. `Last Run Result`. काम नीट झालं तर तिथे `0x0` असतं. इथे होतं `0x8007052E`. शेजारीच इंग्रजीत लिहिलेलं की वापरणाऱ्याचं नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

दिनूने कपाळाला हात लावला. शुक्रवार, 17 नोव्हेंबर. त्या आठवड्यात सगळ्या शाखांना परिपत्रक आलं होतं, पासवर्ड बदला. दिनूने त्याच दुपारी बदलला. आमच्याकडे परिपत्रकाप्रमाणे त्याच दिवशी वागणारा बहुधा तो एकटाच. पण मध्यरात्रीचं काम ज्याने बसवून दिलं त्या माणसाने ते दिनूच्याच नावाने बसवलं होतं आणि तेव्हाचा पासवर्ड आत लिहून ठेवला होता. दिवसा दिनू नवा पासवर्ड घालून बसे, सगळं सुरळीत. रात्री बाराला ते काम जुनी किल्ली घेऊन दाराशी येई, कुलूप उघडत नसे, परत जाई.

माझा प्रश्न असा होता की मग याने बोंब का मारली नाही? दिनूने सांगितलं, सोय होती. नोंदी पाठवताना अडचण आली तर मॅनेजरांना मोबाइलवर निरोप जावा असं त्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. पण प्रोग्रॅम सुरू झाला तर तो निरोप पाठवणार! इथे तो सुरूच होत नव्हता. हे मात्र मला ताबडतोब समजलं. छत्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. गैरहजर मुलगा काही "गैरहजर!" म्हणून ओरडत नाही. ज्याचं नाव पुकारल्यावर उत्तर येत नाही तो गैरहजर, आणि त्यासाठी आधी कोणीतरी नाव पुकारावं लागतं. आमच्याकडे सकाळी पुकारणारं कोणी नव्हतं.

नवा पासवर्ड घालून काम चालवलं. फरक जसाच्या तसा! कारण तो प्रोग्रॅम फक्त आदल्या दिवसाच्या नोंदी पाठवायचा. राहिलेले मागचे दिवस त्याच्या लेखी झालेलेच नव्हते. मग 17 ते 30 मधले कामाचे अकरा दिवस एकेक तारीख घालून पाठवले. त्यातही गंमत झाली. शेवटी मुख्य कार्यालयाचा नोव्हेंबरचा आकडा शाखेपेक्षा 18,200 ने जास्त झाला. या वेळी मी भागाकार केला नाही. दिनूने यादीत 18,200 शोधले. ती 21 तारखेची वाढ होती. ती तारीख दोनदा गेली होती, पावतीक्रमांक दोनदा दिसत होते. तेवढ्या काढल्या आणि ताळा जमला.

पुढे ते काम कोणा माणसाच्या नावावर न ठेवता त्याच्यासाठी वेगळं खातं काढलं. आणि मी एक साधी वही आणली. रोज सकाळी सव्वादहाला शाखेतून फोन, शेवटचा पावतीक्रमांक आणि कालची अखेरची शिल्लक. मॅनेजरांनी पडद्यावर शाखेनुसार ताडून बघायची आणि वहीत लिहायची. मॅनेजर कुरकुरले, कॉम्प्युटर असताना वही कशाला म्हणून. मी हट्ट सोडला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी शाखेचं शटर ओढायच्या आधी मी दिनूला म्हटलं, "काल मी तुला जे विचारलं ना, ते विचारायला नको होतं. चुकलं माझं."

तो कागद लावत होता. म्हणाला, "बाई, घरी अडचण आहेच. आईचे गुडघे. पण ती पगारात भागते." मग ताळ्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. "इथे सही करा. आणि खाली तारीख घाला, आजची."