आत्याचा एक एकर आणि हिराबाईंचे चोवीस भाग

आमच्या अमडापुरात सायंकाळी अभ्यासिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षाची पोरं-पोरी येऊन बसतात. परवा वारसाहक्क चालू होता. एक पोरगा ठासून म्हणाला, "सर, मुलींना वाटा 2005 पासून मिळाला." मी त्याला हो म्हणणारच होतो, पण माझ्या दोन आत्या डोळ्यांपुढे आल्या आणि लाज वाटली. कारण आमच्याही घरात हेच वाक्य वीस वर्षं बोललं गेलं होतं.

आजोबांनी मुंबईत गिरणीत राबून इथं चार एकर घेतलं. 1971 साली ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. मागे आजी, माझे वडील, काका आणि दोन आत्या. तलाठ्याकडे वारस म्हणून दोघा भावांचीच नावं सांगितली गेली आणि सातबाऱ्यावर तीच चढली. फेरफाराने मालकी ठरत नसते, पण गावात सातबारा म्हणजेच मालकी. 2005 चा कायदा आला तेव्हा काका म्हणाले, "बाप त्याच्या आधीच गेला, तुमचं काही लागत नाही." आत्यांनी मान डोलावली. आम्हीही.

मुळात इथं 2005 चा प्रश्नच नव्हता. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. त्याच्या कलम 2 प्रमाणे तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. जमीन स्वकष्टाची असेल आणि माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर कलम 8 लागतं आणि बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी यांना सारखा एकेक वाटा मिळतो. चार एकर म्हणजे 160 गुंठे, वारस पाच, प्रत्येकी 32 गुंठे. पुढे आजीही मृत्युपत्राविना गेली. तिचे 32 गुंठे चार लेकरांत आठ-आठ झाले. म्हणजे प्रत्येक आत्याचा पुरा एक एकर, आणि त्यातला मोठा भाग 1971 पासूनचा!

मग 2005 ने काय बदललं? त्याने सहदायकी बदलली, म्हणजे ज्या वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो ती. यासाठी मी पोरांना सांगलीच्या कोर्टात 1962 साली सुरू झालेला हिराबाई मगदूम यांचा दावा फळ्यावर मांडून दाखवला. त्यांचे पती खंडाप्पा 1960 साली वारले. मागे हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. कायदा सांगतो की मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरा. त्या वाटणीत पती, पत्नी आणि दोन मुलगे अशा चौघांना पाव-पाव. मुली सहदायक नव्हत्या, म्हणून त्यात त्या नाहीत. मग खंडाप्पांचा पाव हिस्सा सहा वारसांत फुटतो, प्रत्येकी चोविसावा भाग. खालच्या कोर्टाने हिराबाईंना तेवढाच दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली पाव अधिक चोविसावा, म्हणजे चोवीसपैकी सात भाग त्यांचे ठरवले. मुलग्यांनाही सात-सात. मुलींना फक्त एकेक.

आता हेच घर आजच्या कायद्यात घाला. मुलीही जन्माने सहदायक, म्हणून सात वाटे. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहांत. बेरीज करा, प्रत्येकाला बरोबर सहावा भाग येतो. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी मुलीचा हा सहदायकीचा हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनिता शर्मा खटल्यात सांगितलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही.

एका पोरीने खरा प्रश्न विचारला, "बापानं मृत्युपत्र केलं असतं तर?" सहदायकीत तो फक्त आपल्या सातव्या हिश्शाचं करू शकतो, बाकीचे सहा भाग त्याचे नाहीतच. पण आजोबांसारखी स्वकष्टाची जमीन असेल तर दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही, आणि मुलींचा वाटा शून्य. गोव्यात निम्मी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते. मुस्लिम कायद्यात मृत्युपत्र साधारण एक तृतीयांशापुरतंच चालतं. आपल्याकडे अशी भिंत नाही.

आणि आपल्या वस्तीत सहदायकीची जमीन आहे किती जणांकडे? बहुतेकांचं घर, प्लॉट, शेत आईबापानं स्वतः कमावलेलं. 1956 नंतर बापाकडून कलम 8 ने आलेली मिळकतही मुलाच्या हातात त्याची स्वतःचीच ठरते. म्हणजे मृत्युपत्राचा धोका आपल्याच मुलींना जास्त. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात जन्मसिद्ध हक्क काढून मुलीला मुलाइतका वाटा होता. पण जन्मसिद्ध हक्क गेला की बापाची लेखणी आणखी मोकळी होते, हेही मी पोरांपासून लपवलं नाही. यावर वर्गात तासभर भांडण झालं.

आत्याला मी हिशेब सांगितला. धाकटी हसली. थोरली म्हणाली, "भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय रे. करू का?" म्हटलं, "आधी कुणाच्या एक एकरावर करतेस ते वाच." काका आता माझ्याशी बोलत नाहीत. वारस नोंदीचा अर्ज तहसिलात पडलेला आहे.