तीस सेकंदांचा परिचय

घाई न करता बोलल्यास तीस सेकंदांत साधारण साठ-सत्तर शब्द होतात. एवढा मजकूर लिहून पाठ करण्याचा मोह होतो आणि परिचय कृत्रिम होतो तो तेथेच. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. लेखनात त्याआधी कितीही तपशील रचता येतो. बोलताना मात्र ऐकणारा क्रियापदाची वाट पाहतो आणि बोलणाऱ्याचा दम संपतो.

ग्रंथालयातील पदासाठी माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते : ‘मी गेली सहा वर्षे वाचनालयात देवघेव विभाग सांभाळत असलेली व पदवीचे शिक्षण घेत असलेली उमेदवार आहे.’ मी कागद बाजूला ठेवायला सांगून विचारले, “तुम्ही तिथे काय करता?”

“वाचनालयात देवघेव बघते. सहा वर्षं झाली. दुपारी मुलं येतात, त्यांना पुस्तकं शोधून देते. आता बी.ए. करतेय.”

परिचय हाच होता. तो आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकला. आरंभी नाव आणि शेवटी ‘म्हणून इथे अर्ज केला’ एवढेच जोडले. पाठ केले ते केवळ पहिले वाक्य. एखाद्या ग्रंथालय मेळाव्यात मात्र शेवट बदलावा लागेल. तेथे अर्जाऐवजी प्रश्न शोभतो : ‘तुमच्याकडे बालविभाग आहे का?’