पाच सिल्क म्हणजे किती?

कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या मामाचं पत्र्याच्या कामाचं छोटं शॉप आहे. गेल्या वर्षी त्याने एक वापरलेलं चिनी शिअरिंग मशीन घेतलं. पत्रा कापायचं हायड्रॉलिक मशीन. सोबत चिनी मॅन्युअल आलं आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. मामाने दोन्ही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "तू इंजिनिअर ना? पोरांना वाचता येईल असं मराठीत करून दे."

मी सॉफ्टवेअरवाला. चिनीचं एक अक्षर येत नाही. पण इंग्रजी आहे म्हटल्यावर मला ते दोन संध्याकाळचं काम वाटलं. एका शीटमध्ये तीन रकाने केले: चिनी, इंग्रजी, मराठी. चिनी मजकूर फोनने स्कॅन करून पहिल्या रकान्यात टाकला, तो फक्त असावा म्हणून. भाषांतर मी इंग्रजीवरूनच करत होतो.

देखभालीच्या पानावर अडकलो. वाक्य होतं: 1 मिमी पत्र्यासाठी वरच्या आणि खालच्या ब्लेडमधला गॅप "5 सिल्क" ठेवा. सिल्क? चिनी रकान्यात त्या जागी 丝 हे अक्षर होतं. शब्दकोशात पाहिलं, अर्थ रेशीम, बारीक धागा. उलटं करून पाहिलं, इंग्रजी सिल्कचं चिनी काय, तर पुन्हा तेच 丝. म्हणजे भाषांतर बरोबर आहे, असं मी धरलं. मग डोक्यात दिवा पेटला. धागा म्हणजे सूत! आपल्याकडे सुतार आणि फॅब्रिकेटर सुतात मापं घेतातच की. चिनी लोकही तसंच करत असणार. मोठ्या अभिमानाने लिहिलं, "गॅप पाच सूत ठेवावा."

शॉपमध्ये चाळीस वर्षं पत्रा कापलेले एक ऑपरेटर आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, जुन्या पॉवर प्रेसमुळे. प्रिंट त्यांच्याकडे दिली. त्यांनी चष्मा वर केला. "आठ सुताचा एक इंच. पाच सूत म्हणजे जवळजवळ सोळा मिलिमीटर. एवढ्या गॅपमधून एक मिलिमीटरचा पत्रा कापला जाईल का घसरून खाली पडेल, तूच सांग."

घरी येऊन सर्च बॉक्समध्ये चिनीतच प्रश्न टाकला, "1丝等于多少毫米", म्हणजे एक 丝 किती मिलिमीटर. उत्तर लगेच मिळालं. चिनी मशीन शॉपच्या बोलीत 丝 म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, 0.01 मिमी. आपले टर्नर 'दोन थाउ घे' म्हणतात, तसंच. पाच सिल्क म्हणजे 0.05 मिमी, साधारण दोन थाउ.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण एकदा फसल्यामुळे शब्दकोश आणखी चाळला. तिथे 丝米 नावाचं दुसरं एकक निघालं, त्याच अक्षराने सुरू होणारं. ते मात्र मिलिमीटरचा दहावा भाग. त्या हिशेबाने पाच म्हणजे 0.5 मिमी. सोळा मिलिमीटर ऐकून कुणीही हसेल. 0.5 ऐकून कुणी हसत नाही, तो आकडा शहाण्यासारखा दिसतो. पण एक मिलिमीटरच्या पत्र्याला अर्धा मिलिमीटर गॅप ठेवला, तर पत्रा नीट तुटण्याआधी दोन ब्लेडच्या मध्ये वाकतो आणि कडेला जाड बर येते. उलट गॅप फारच कमी झाला, तर ब्लेड एकमेकांवर घासून धार जाते.

निकाल मॅन्युअलनेच दिला. बारा पानं आधी पत्र्याची जाडी आणि गॅप यांचा तक्ता होता. तो बहुधा डिझाइनवाल्याने केला असावा, कारण त्यात सिल्कबिल्क काही नव्हतं, सरळ मिलिमीटर होते. एक मिलिमीटर जाडीसमोर 0.05. म्हणजे जाडीच्या पाच टक्के, मऊ लोखंडाला शोभेल असाच. अण्णांनी तसा गॅप लावला, फिलर गेजने दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासला, एक तुकडा कापला आणि कडेवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही.

उलटं भाषांतर करून तपासायची माझी युक्ती का फसली, ते मला तेव्हा कळलं. मूळ भाषांतरकाराने शब्दाला शब्द ठेवला असेल, तर उलटं करताना तुम्ही त्याच शब्दावर परत येता. चूक जाताना जशी असते, तशीच येताना असते. त्यामुळे चाचणी पास होते.

दुसरी चूक याहून वाईट होती. पॅनेलवर एक सिलेक्टर स्विच आहे. त्याच्या पहिल्या जागेसमोर चिनीत 点动 लिहिलंय आणि इंग्रजीत "क्लिक". खाली इंग्रजी वाक्य साधारण असं: फूट स्विचवर पाय द्या, टूल रेस्ट खाली जातो, "लूज" झाल्यास स्टॉप. मी मराठी केलं: "एकदा पाय द्या, ब्लेड खाली येईल. काही सैल झाल्यास मशीन थांबवा." वाचायला अगदी स्वच्छ. आता ज्या पोराने हे वाचलं, तो पेडलला टिचकी मारून पाय काढणार आणि पुढचं काम मशीनवर सोडणार.

या वेळी उलटी युक्ती कामी आली. इंग्रजी 'क्लिक'चं चिनी 点动 येईना, माउसच्या क्लिकचा शब्द येत होता. म्हणजे इथे शब्द घसरला होता. मग चिनी वाक्य एकेक शब्द करून सोडवलं. 'लूज' झालेला शब्द होता 松开. त्याचा अर्थ सैल करणे असाही होतो आणि दाबून धरलेली गोष्ट सोडणे असाही. मी दुसरा अर्थ वाक्यात बसवून अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला: पाय दाबून धरला तोवर ब्लेड खाली, पाय सोडला की थांबलं.

"अरे, मग हे इंचिंग आहे," अण्णा म्हणाले. "इंचिंग लिही. सगळ्यांना कळतं."

तरी मी कागदावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. अण्णांनी पत्रा न लावता, सगळ्यांना मागे उभं करून, स्विच पहिल्या जागेवर ठेवला आणि पेडल दाबलं. ब्लेड अर्ध्यावर आल्यावर पाय उचलला. ब्लेड तिथेच थांबलं. मग स्विच दुसऱ्या जागेवर, जिथे इंग्रजीत "सिंगल" होतं. पाय दिला, लगेच उचलला. ब्लेड थांबलं नाही. खाली गेलं, वर आलं. अण्णांचा हात नकळत खिशात गेला. कुणी काही बोललं नाही.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये या दोन जागांचं वर्णन जवळजवळ सारखंच होतं.

त्यानंतर मी मराठी रकाना पुसून पुन्हा सुरुवात केली. इंग्रजी आता मधल्या माणसाच्या सांगीवांगीसारखं वाचत होतो, ऐकायचं पण विचारून घ्यायचं. सगळ्यात आधी चिनी पानांवर 不, 勿 आणि 禁 ही नकाराची तीन अक्षरं लाल केली आणि प्रत्येकासमोर इंग्रजीत 'नॉट' किंवा 'डोंट' आहे का पाहिलं. एका ठिकाणी नव्हतं. पंप चालू असताना हायड्रॉलिक पाइपचे नट ढिले करू नका, यातला 'नका' इंग्रजीत गळाला होता. दोन संध्याकाळच्या कामाला पाच आठवडे लागले. मामा म्हणाला, एवढ्यात नवीन मशीन आलं असतं.

आता सिलेक्टर स्विचशेजारी लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय. इंचिंग: पाय दाबून धरा तोवर ब्लेड खाली, पाय काढला की जागेवर थांबते. सिंगल: एकदा पाय दिला की पूर्ण फेरी, मध्ये थांबत नाही. त्याखाली अण्णांनी सांगितलेली ओळ, जी मॅन्युअलच्या त्या पानावर कुठल्याच भाषेत नव्हती: थांबलेलं ब्लेड म्हणजे बंद मशीन नव्हे, हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच बंद.

गॅपचा तक्ता वेगळ्या कागदावर आहे, फक्त मिलिमीटरमध्ये. त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी मार्करने लिहून ठेवलंय, 'सूत नव्हे'. अक्षर अण्णांचंच दिसतंय.